जर्मन ऑफरला होकार कळवताय? आधी इंग्रजी मेलचा टोन बघा

अंबड-सातपूरच्या कंपन्यांतून जर्मनीला निघालेल्यांनो, होकाराचा मेल जर्मनमध्ये करून झाला तरी पाठवायच्या आधी मूळ इंग्रजी परत वाचा, टोनची गडबड तिथंच सापडते. ‘आय वुड लव्ह टू अ‍ॅक्सेप्ट, जॉइनिंग १ ऑगस्टला झालं तर’ असं काही असेल तर जर्मनमध्येही होकार अर्धवटच वाटणार, आणि त्यांच्या नागरी कायद्याच्या कलम १५० नुसार बदल घालून दिलेला होकार म्हणजे नकार अधिक नवा प्रस्ताव! म्हणून नोटीस पिरियड, तारीख हे आधी वेगळ्या मेलमध्ये मिटवा. मग इंग्रजीतच सरळ ‘आय अ‍ॅक्सेप्ट’ लिहा, सोबत पद आणि ठरलेली तारीख, ‘सुपर एक्सायटेड’ वगैरे काढाच, आणि मग नव्यानं भाषांतर करा. इंग्रजीत ‘यू’ एकच, त्यामुळे आदरार्थी ‘झी’ की ‘तू’सारखं ‘डू’ हे मात्र एचआरच्या जर्मन मेलवरूनच ठरवा.