लाकडी वाफ्याच्या बाजू बाहेर का फुगतात? कोपरे मजबूत करताना होणाऱ्या या चुका टाळा

परसात फळ्यांचा उंच वाफा बांधला, चारही कोपऱ्यांत जाड खुंट दिले, वरून लोखंडी एल-पट्ट्या ठोकल्या. पहिल्या पावसाळ्यानंतर पाहावं तर लांब बाजू मधोमध बाहेर आलेली आणि कोपऱ्यात बोटभर फट. बहुतेक जण मग त्या फटीवरच आणखी दोन पट्ट्या मारतात. पुढच्या पावसात पट्ट्यांचे स्क्रू लाकूड फाडून बाहेर येतात, कारण दुखणं कोपऱ्यात नसतंच. फळी मध्यभागी वाकली की तिची टोकं फिरतात आणि फिरताना कोपरा उचकटतात. फट कोपऱ्यात दिसते, पण कारण मधल्या भागात असतं.

एक नेहमीचं माप घेऊ: ८ फूट लांब, ४ फूट रुंद, दीड फूट उंच वाफा. प्रत्येक बाजूला ६ इंची फळ्यांचे तीन थर, फळीची जाडी १ इंच. यात ४८ घनफूट माती बसते. साधी बागेची माती पावसात भिजली की तिचं वजन सव्वादोन टनांच्या आसपास जातं. एका लांब बाजूवर या मातीचा बाहेरच्या दिशेने साधारण २०० किलोचा रेटा येतो. हा रेटा वर नगण्य आणि तळाशी सर्वांत जास्त असतो.

मधला आधार न देणं

हीच सगळ्यात महागात पडणारी चूक. दोन आधारांमधलं अंतर दुप्पट केलं, की त्याच रेट्याखाली फळी दुप्पट नव्हे, सोळा पट वाकते. आपल्या मापातली तळाची फळी फक्त टोकांना धरलेली असेल, तर हिशोबाने ती मध्यभागी चार इंचांहून जास्त बाहेर येऊ शकते. मध्ये एक खुंट दिला आणि अंतर ४ फुटांवर आणलं, तर तीच फळी पाव इंचाच्या आसपास वाकते. ओलं लाकूड सतत ताणाखाली राहिलं की काळाबरोबर आणखी वाकत जातं. म्हणून १ इंची फळीला दर अडीच-तीन फुटांवर आधार द्यावा, दीड इंची फळीला ४ फुटांपर्यंत चालतं. जाडी १ वरून दीड इंच केली की फळीचा ताठपणा तिपटीहून जास्त वाढतो. वखारीत दोन मापांत घुटमळत असाल तर जाड फळी घ्या. खर्च कमीच करायचा असेल तर वाफ्याची लांबी कमी करा, जाडी नको.

कोपऱ्यातली तिरकी पट्टी किंवा त्रिकोणी फळकूट निरुपयोगी नाही. चौकट काटकोनात ठेवणं आणि ती एका बाजूला कलू न देणं हे काम ती चोख करते. पण तिचा प्रभाव कोपऱ्यापासून फूटभरच पोहोचतो. आठ फुटी बाजूच्या मध्याला तिचा काहीच उपयोग होत नाही.

खुंट कुठल्या बाजूला?

मधले खुंट दिसायला नकोत म्हणून आतून लावले जातात. तसं केलं तर माती फळीला खुंटापासून दूर ढकलते आणि सगळा भार स्क्रूच्या आट्यांवर येतो. ओल्या लाकडातून स्क्रू हळूहळू सरकत बाहेर येतो. तोच खुंट बाहेरून लावला तर माती फळीला खुंटावर दाबून धरते, स्क्रूने फक्त जागा धरायची असते. कोपऱ्याचा खुंट मात्र आतच सोयीचा, कारण तिथे दोन्ही बाजूंच्या फळ्या त्याच्यावर घ्यायच्या असतात. म्हणून कोपऱ्यावर स्क्रूऐवजी आरपार नट-बोल्ट आणि मोठे वॉशर वापरा. फळीच्या टोकात, रेषांच्या दिशेने घुसवलेला स्क्रू तर आणखी कमी धरतो. एका फळीच्या टोकाला दुसरी फळी थेट जोडू नका, मध्ये खुंट हवाच.

मधला खुंट जमिनीत किती गाडायचा हा पुढचा प्रश्न. दीड फूट उंचीला निदान सव्वा ते दीड फूट. खड्डा मोकळ्या मातीने भरून सोडला तर खुंट त्यात कलतो. मुरूम आणि दगडाची कपची घालून धुमसा.

समोरासमोरच्या बाजू न बांधणं

जमीन भिजून मऊ झाली की एकटा खुंटही कलतो. त्यावर खात्रीचा उपाय म्हणजे समोरासमोरच्या दोन मधल्या खुंटांना जोडणारा ताण. दोन्ही बाजू सारख्याच जोराने बाहेर ढकलल्या जातात, म्हणून त्या एकमेकींना अडवतात. १० मिमीची आटे पाडलेली जीआय सळई घ्या, ती प्लास्टिकच्या पाइपातून न्या आणि दोन्ही खुंटांच्या बाहेर रुंद वॉशर लावून नट आवळा. लहान वॉशर लाकडात रुततो आणि ताण सैल पडतो. सळई वरच्या काठापासून सहा इंच खाली, म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या फळीच्या सांध्यावर ठेवा. तिथे खुरपं अडत नाही, आणि तळाचा रेटा खुंटाचा गाडलेला भाग सांभाळतो.

पाणी अडवणं

लाकूड कुजू नये म्हणून आतून प्लास्टिक लावतात, ते ठीक. पण तेच प्लास्टिक तळालाही अखंड पसरलं तर वाफ्याचं टाकं होतं. माती पाण्याने गच्च भरली की बाजूंवरचा रेटा जवळपास पावणेदोन पट होतो. प्लास्टिक फक्त बाजूंना लावा, तळ उघडा ठेवा.

मराठवाडा-विदर्भातल्या वाचकांनी आणखी एक गोष्ट पाहावी. शेतातली काळी माती आणून वाफा भरला तर भिजल्यावर ती फुगते, आणि हा रेटा वरच्या हिशोबात धरलेला नाही. काळी मातीच हाताशी असेल तर तिचा वाटा एक तृतीयांशाच्या खाली ठेवा, बाकी शेणखत, कंपोस्ट आणि भाताचं तूस घाला. भरताना पायाने तुडवू नका.

फुगलेला वाफा सरळ करताना

आधी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोरी ताणा. फळी मध्ये कमानीसारखी दोरीबाहेर आली असेल, तर आधारातलं अंतर जास्त आहे. बाजू सरळच आहे, पण वरून बाहेर कललेली आहे, तर खुंट उथळ गाडलेत. एकच फळी पुढे आली आणि वरखालच्या जागेवर आहेत, तर तिचे स्क्रू सुटलेत. तिन्हींचा इलाज वेगळा.

कमान असेल तर माती भरलेली असताना फळी ओढू नका. टनावारी माती मागे हटत नाही, फळी मात्र तडकते. मे महिन्यात, माती कोरडी असताना, फळीच्या आतल्या बाजूने नऊ-दहा इंच रुंदीचा चर तळापर्यंत काढा. मग बाहेरून खुंट गाडा, सळई ओवा आणि दोन्ही नट थोडे थोडे आवळत फळी दोरीला लागेपर्यंत आणा. वर्षानुवर्षं वाकलेली फळी पूर्ण सरळ होणार नाही. अर्धा इंच राहिला तर राहू द्या, जोर करू नका. कोपऱ्याची फट बहुधा याच ओढीत आपोआप मिटते, मगच तिथले बोल्ट आवळा. शेवटी चर भरा, आणि दोरीचं माप खुंटावर खूण करून ठेवा, म्हणजे श्रावणात पुन्हा तपासता येईल.

गच्चीवर हा वाफा जसाच्या तसा बांधू नका. तिथे खुंट गाडता येत नाहीत, आणि दीड फूट ओल्या मातीचं वजन दर चौरस फुटाला ७० किलोंच्या घरात जातं. घराची गच्ची साधारणपणे याच्या पाचव्या हिश्श्याएवढ्या भारासाठी धरलेली असते.