रिफंडचा मेसेज असा लिहा, की ग्राहकाला फोन करावा लागू नये

"प्रिय ग्राहक, आपला रिफंड यशस्वीरीत्या प्रोसेस झाला आहे. रक्कम ५-७ कामकाजाच्या दिवसांत मूळ पेमेंट पद्धतीत जमा होईल."

नागपूरच्या इतवारीतल्या एखाद्या साडीच्या दुकानातून हा मेसेज गेला, की दुसऱ्या दिवशी फोन ठरलेला: "भाऊ, पैसे आले नाही न अजून!" मेसेजमध्ये खोटं काहीच नाही. पण किती, कुठे आणि कधी, यातलं एकही त्यातून नेमकं कळत नाही.

समजा, धरमपेठेतल्या एका ताईंनी २,४०० आणि १,६०० रुपयांच्या दोन साड्या मागवल्या. कूपनचे दहा टक्के, म्हणजे ४०० रुपये कमी झाले, डिलिव्हरीचे ८० लागले आणि क्रेडिट कार्डावरून ३,६८० गेले. मग १,६०० ची साडी त्यांनी परत केली.

आधी रक्कम लिहा. ताईंच्या डोक्यात १,६०० आहेत, दुकान मात्र १,४४० देणार, कारण कूपनमधला १६० चा वाटा याच साडीवर होता. डिलिव्हरीचे ८० दुकानाच्या नियमाप्रमाणे परत मिळत नाहीत. बरेच दुकानदार हा हिशोब मेसेजमध्ये टाळतात, वाद नको म्हणून. वाद उलट तिथूनच सुरू होतो. मिळणारा आकडा पहिल्या ओळीत द्या आणि वजाबाकी लगेच खाली.

मग पैसे कुठे जाणार ते. 'मूळ पेमेंट पद्धत' वाचून ताई बचत खात्याचं पासबुक भरून आणतील, पण क्रेडिट कार्डाचा रिफंड तिथे दिसतच नाही, तो कार्डाच्या स्टेटमेंटमध्ये जमा दिसतो. म्हणून कार्डाचे शेवटचे चार अंक लिहा आणि कुठे बघायचं तेही सांगा. यूपीआयने पैसे भरले असतील तर ॲपचं नाव पुरत नाही, ज्या बँक खात्यातून पैसे गेले त्याच खात्यात ते येतील असं लिहा. कॅश ऑन डिलिव्हरीत तर परत पाठवायला मूळ खातंच नसतं. तिथे ग्राहकाने दिलेल्या खात्याचे शेवटचे चार अंक मेसेजमध्ये टाका, म्हणजे चुकीचा नंबर दिला असेल तर वेळीच लक्षात येतं.

सगळ्यात जास्त घोळ तारखेचा. 'प्रोसेस झाला' याचा अर्थ दुकानदाराच्या लेखी 'आम्ही पाठवला', ग्राहकाच्या लेखी 'आला'. या दोन गोष्टी वेगळ्या वाक्यांत सांगा. दिवस मोजायचं काम ग्राहकावर सोडू नका. रिफंड मंगळवारी, ९ जून २०२६ ला पाठवला तर ताई सरळ सात दिवस मोजून १६ तारखेला फोन करतील. पण १३ ला दुसरा शनिवार, १४ ला रविवार, दोन्ही दिवस बँका बंद. कामकाजाचे सात दिवस १८ जूनला पूर्ण होतात. मेसेजमध्ये तीच तारीख जाऊ द्या. मध्ये सण येत असेल तर रिझर्व्ह बँकेच्या यादीत नागपूरच्या सुट्ट्या वेगळ्या दिलेल्या असतात, त्या बघा. मात्र कार्ड देणारी बँक दुसऱ्या शहरातली असू शकते, म्हणून एखादा दिवस जास्तीचा धरलेला बरा.

शेवटी, तारीख उलटली तर काय करायचं? कार्डाच्या रिफंडला एआरएन नावाचा २३ अंकी क्रमांक मिळतो आणि तो सांगितला की ग्राहकाची बँक पैसे शोधू शकते. हा क्रमांक बहुधा त्याच क्षणी हातात येत नाही, म्हणून तो दुसऱ्या मेसेजने पाठवा. पहिला मेसेज असा होईल:

"₹१,४४० चा रिफंड आम्ही ९ जूनला पाठवला. (साडी १,६०० वजा कूपन १६०. डिलिव्हरीचे ८० परत मिळत नाहीत.) पैसे ४४१२ ने संपणाऱ्या क्रेडिट कार्डावर येतील. कार्डाच्या स्टेटमेंटमध्ये बघा, बचत खात्यात दिसणार नाहीत. १८ जूनपर्यंत जमा न झाल्यास दुकानाच्या नंबरवर फोन करा. यासाठी ओटीपी किंवा पिन कुणालाही देऊ नका."

शेवटचं वाक्य गाळू नका. रिफंडच्या नावाने लिंक पाठवून फसवणारे पुष्कळ आहेत, त्यामुळे खऱ्या मेसेजमध्ये लिंक नसलेलीच बरी.

हा मजकूर व्हॉट्सॲप किंवा ईमेलवर सहज जातो. एसएमएसला मात्र देवनागरीत काना-मात्रा धरून ७० च अक्षरं मावतात, मेसेज लांबला तर प्रत्येक भागात ६७ च, म्हणजे वरच्या मेसेजचे बरेच भाग पडतील आणि तेवढे पैसे लागतील. तिथे रक्कम, कार्डाचे अंक, तारीख आणि ओटीपीची सूचना ठेवा, वजाबाकी बिलावर द्या. एसएमएसचा साचा टेलिकॉम कंपन्यांच्या डीएलटी या नोंदणी पोर्टलवर मंजूर करून घ्यावा लागतो, त्यामुळे बदलणाऱ्या प्रत्येक गोष्टीच्या जागी पोर्टलने ठरवलेली व्हेरिएबलची खूण टाकूनच तो नोंदवा. तारीख साच्यात पक्की लिहून बसलात, तर पुढच्या रिफंडला पुन्हा मंजुरी घ्यावी लागेल.