इन्सुलिन पंपाचा इन्फ्यूजन सेट बदलताना : नळी भरणे, जागा निवडणे आणि दुमडलेली कॅन्युला ओळखणे

मऊ कॅन्युलाचा इन्फ्यूजन सेट साधारणपणे दोन ते तीन दिवसांनी बदलावा लागतो. तो सकाळी किंवा दुपारी बदलावा, झोपण्यापूर्वी बदलू नये. कारण कॅन्युला नीट बसली नसेल तर ते पुढच्या दोन-तीन तासांतच कळते आणि त्या वेळी आपण जागे असणे आवश्यक असते.

हात धुऊन नवे रिझर्व्हायर भरावे. इन्सुलिन फ्रिजमधून आधीच बाहेर काढून ठेवावे, कारण थंड इन्सुलिन कोमट होताना त्यात हवेचे बुडबुडे तयार होतात. त्यानंतर जुना सेट शरीरापासून वेगळा करावा आणि मगच नळी भरण्यास सुरुवात करावी. हा क्रम कधीही चुकवू नये, कारण नळी भरताना पंप बरेच युनिट पुढे ढकलतो आणि सेट अंगाला जोडलेला असल्यास ते सर्व इन्सुलिन थेट शरीरात जाते. सुईच्या टोकाशी थेंब दिसू लागले आणि नळीत बुडबुडे उरले नाहीत, की भरणे थांबवावे.

पोटावर जागा निवडताना बेंबीपासून सुमारे ५ सेंटिमीटर आणि मागच्या जागेपासून किमान अडीच सेंटिमीटर अंतर राखावे. कमरपट्टा किंवा साडी-परकराची नाडी जिथे घट्ट बसते ती जागा टाळावी. बोटांनी चाचपून पाहावे. गाठ किंवा रबरासारखा जाडसर भाग लागल्यास, तिथे टोचताना कमी दुखत असले तरी, ती जागा सोडून द्यावी, कारण तिथून इन्सुलिन कधी सावकाश तर कधी एकदम शोषले जाते. त्वचा स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्यावी, सेट बसवावा, सुई काढून घ्यावी आणि कॅन्युलातील पोकळी भरावी. यासाठी लागणारे प्रमाण सेटच्या माहितीपत्रकात दिलेले असते. ६ मिलिमीटरच्या अनेक सेटना ०.३ युनिट लागते.

नळीतील पीळ डोळ्यांना दिसतो. त्वचेखाली दुमडलेली कॅन्युला मात्र दिसत नाही. समजा, सकाळी आठ वाजता सेट बदलला तेव्हा साखर १४० होती, न्याहारीचा बोलस घेऊनही साडेदहाला ती २८० झाली, पंपावरून सुधारणेचा डोस दिला आणि तरीही बारा वाजता ३१० आली. पंपाने अडथळ्याचा इशारा दिलेला नाही, एवढ्यावरून वाट मोकळी आहे असे मानू नये. बेसल दर कमी असताना नळीतील दाब सावकाश वाढतो, त्यामुळे इशारा मिळण्यास काही तास लागू शकतात, आणि इन्सुलिन कॅन्युलाच्या कडेने बाहेर गळत असेल तर इशारा मिळतच नाही. अशा वेळी पंपावरून आणखी डोस देऊ नये. कीटोन तपासावेत, डॉक्टरांनी ठरवून दिलेला डोस पेनने किंवा सिरिंजने टोचावा आणि संपूर्ण सेट नव्या जागी बसवावा. पंपातील इन्सुलिन यू-१०० असते, म्हणून सिरिंजही नारिंगी टोपणाचीच हवी. आपल्याकडे सर्रास मिळणारी लाल टोपणाची सिरिंज यू-४० ची असते आणि तिने मोजल्यास अडीचपट इन्सुलिन जाते.

काढलेली कॅन्युला उजेडात धरून पाहावी. ती काटकोनात मुडपलेली असल्यास कारण सापडले असे समजावे. हे वारंवार घडत असल्यास डॉक्टरांशी बोलून कमी लांबीची किंवा तिरकी बसणारी कॅन्युला वापरून पाहावी, अथवा न दुमडणाऱ्या स्टीलच्या सुईचा सेट घ्यावा. कीटोन वाढलेले असतील किंवा उलट्या सुरू झाल्या असतील, तर मात्र घरी वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठावे. पंपात केवळ जलद इन्सुलिन असल्यामुळे पुरवठा तुटल्यावर काही तासांतच शरीरात आम्ल साचू लागते.