या चुका टाळा: चार बॉयलर, एक फ्लू आणि मागे फिरणारा धूर

अंधेरी पूर्वेच्या एका हॉटेलात तीन नंबरचा बॉयलर फक्त पहाटेच लॉक व्हायचा, म्हणजे न पेटता फॉल्ट दाखवून थांबायचा. पोडियमवरच्या प्लांट रूममध्ये पाइप गॅसवर चालणारे चार कंडेन्सिंग बॉयलर, प्रत्येकी 150 किलोवॉटचे. चौघांचा धूर एका सामाईक नळीत, म्हणजे हेडरमध्ये जातो आणि तिथून 300 मिलिमीटरच्या स्टेनलेस राइझरने तीस मीटर वर, गच्चीवर. धुराची ही सगळी वाट म्हणजे फ्लू. रात्री बाकीचे तीन चालू आणि तीन नंबर बंद. पहाटे अंघोळीचं पाणी वाढलं की त्यालाही हाक जायची आणि तो पेटायचाच नाही. चार महिन्यांत तीनदा इग्निशन इलेक्ट्रोड बदलून झाले होते. इलेक्ट्रोड बदलला की आठवडाभर ठीक, मग पुन्हा तेच.

मला बोलावलं तेव्हा तिथले जुने ऑपरेटर काका म्हणाले, "साहेब, हा बंद असला तरी गरम लागतो बघा." मी बंद बॉयलरच्या हवेच्या तोंडाशी हात धरला. तिथून कोमट, ओलसर वारा बाहेर येत होता. खालच्या सायफनमधून, म्हणजे पाणी जाऊ देऊन धूर अडवणाऱ्या वळणदार नळीतून, थेंबही पडत होते. जो बॉयलर रात्रभर पेटलेलाच नाही, त्यातून कंडेन्सेट, म्हणजे धुरातल्या वाफेचं पाणी, कसं टपकणार? निदान इथेच झालं होतं, पुढचं काम ते आकड्यांत पकडण्याचं होतं.

चालू बॉयलरांचा धूर हेडरमधून बंद बॉयलरमध्ये उलटा शिरत होता. नैसर्गिक वायूच्या धुरातली वाफ साधारण 55 अंशांच्या खाली पाणी होऊ लागते. थंड पडलेल्या बॉयलरमध्ये ती थेट इलेक्ट्रोडच्या सिरॅमिकवर बसते, ठिणगी बर्नरवर पडण्याऐवजी ओल्या सिरॅमिकवरून अर्थ होते, आणि स्क्रीनवर इग्निशन फॉल्ट येतो. बिचारा इलेक्ट्रोड निर्दोष.

पहिली चूक: मुंबईत लंडनचा ड्राफ्ट धरणं

चिमणीतला ओढा म्हणजे बाहेरच्या हवेच्या आणि आतल्या धुराच्या घनतेतला फरक. जुन्या बॉयलरचा धूर दीडशे-दोनशे अंशांचा, त्यामुळे तो स्वतःच्या ताकदीनं वर पळायचा. कंडेन्सिंग बॉयलरचा धूर पन्नास अंशांच्या आसपास असतो, आणि बाहेर मुंबईची 33 अंशांची हवा. ओढा उरणार किती?

युरोपातली फ्लू मोजण्याची नेहमीची पद्धत, ईएन 13384, दाबाच्या हिशोबात बाहेरची हवा 15 अंश धरते. त्या हवेत पन्नास अंशांचा धूर दर मीटर उंचीला साधारण 1.5 पास्कल ओढा देतो. 33 अंशांच्या दमट हवेत तोच धूर 0.65 च्या आसपास देतो. म्हणजे तीस मीटरच्या राइझरला कागदावर 45 पास्कल आणि प्रत्यक्षात 20. हॉटेलच्या फाइलमधल्या सॉफ्टवेअरच्या प्रिंटआउटवर तो 15 अंशांचा आकडा स्पष्ट छापलेला होता. कुणी बदलला नव्हता. मुंबईत तेवढी थंडी वर्षातून मोजक्या रात्री पडते.

आता घर्षण. चारही बॉयलर पूर्ण भारावर असले की हेडर आणि राइझर मिळून सुमारे 40 पास्कल खातात. घर्षण प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतं, म्हणून तीन बॉयलरांना ते साधारण 22 होतं. कागदावर तीन चालू असताना हेडरमध्ये 22 वजा 45, म्हणजे उणे 23 पास्कल. हेडर धूर ओढून घेतो, मागे फिरण्याचा प्रश्नच नाही. मुंबईत मात्र 22 वजा 20, म्हणजे अधिक 2. हेडर ओढेनासा झाला आणि हलकं ढकलू लागला.

दुसरी चूक: चारही बॉयलर लावून टेस्ट घेणं

कमिशनिंगच्या, म्हणजे बॉयलर पहिल्यांदा चालू करून सोपवण्याच्या दिवशी सगळे पूर्ण ताकदीवर लावतात, धूर तपासणाऱ्या ॲनालायझरचे आकडे घेतात, सही होते. पण चारही चालू असताना प्रत्येकाचा पंखा धूर पुढे ढकलत असतो, मागे फिरायला बंद बॉयलर उरतच नाही. दोष दिसण्याची एकमेव स्थिती त्या टेस्टमधूनच वगळली जाते. म्हणून मी नेहमी एक बंद, बाकीचे पूर्ण भारावर असं आळीपाळीनं चौघांचं करतो आणि प्रत्येक वेळी बंद बॉयलरच्या हवेच्या तोंडाशी ॲनालायझरचा प्रोब धरतो. तिथे ऑक्सिजन स्वच्छ हवेइतका, म्हणजे 20.9 टक्केच असायला हवा. हॉटेलात तीन नंबरच्या तोंडाशी तो 19 च्या खाली होता.

तिसरी चूक: खोलीतून हवा ओढणारा पंखा

हेडरमधल्या 2 पास्कलनं एवढा धूर मागे येत नाही. उरलेला जोर खोलीतून येत होता. प्लांट रूम तापते म्हणून कुणीतरी नंतर ताशी 1,200 घनमीटरचा एक्झॉस्ट फॅन बसवला होता, आणि तो चोवीस तास चालायचा. हवा आत यायची ती 60 बाय 60 सेंटीमीटरच्या एका लूव्हरमधून, म्हणजे तिरप्या पात्यांच्या झरोक्यातून.

हा लूव्हर ड्रॉइंगवर 3,600 चौरस सेंटीमीटर दिसतो. पात्यांची जाडी आणि तिरपेपणा वजा केला की मोकळी जागा निम्मी, 1,800. ब्रिटिश मानक बीएस 6644 नैसर्गिक वायुवीजनाला बाहेर उघडणारी खालची जागा दर किलोवॉटला 4 चौरस सेंटीमीटर आणि वरची 2 मागतं. 600 किलोवॉटला 2,400 खाली आणि 1,200 वर. इथे वरची जागा नव्हतीच. खालच्या लूव्हरमागे डासांची बारीक जाळी ठोकलेली, आणि शेजारी हॉटेलची लाँड्री. मी जाळीवरून बोट फिरवलं तर टॉवेलच्या धाग्यांचा राखाडी नमदाच निघाला, मध्ये दोन-चार कबुतराची पिसं. माझ्या अंदाजानं मोकळं जेमतेम हजार उरलं होतं.

जळणासाठी लागणारी हवा तशी फार नसते. दर किलोवॉटला ताशी साधारण 1.2 घनमीटर, आणि आपल्याकडच्या गरम हवेत थोडी जास्त, कारण तापलेल्या हवेच्या प्रत्येक घनमीटरात ऑक्सिजन कमी. चार बॉयलरांना ताशी 800 घनमीटर, तिघांना 600 पुरे. त्यावर एक्झॉस्ट फॅनचे 1,200. तीन बॉयलर चालू ठेवून डिजिटल मॅनोमीटरनं खोलीचा दाब बाहेरच्या तुलनेत मोजला: उणे 20 पास्कल. पंखा बंद केला: उणे 2. पंधरा सेकंदांत तीन नंबरच्या तोंडाशी येणारा वारा जवळजवळ थांबला. इथे पाणी भरलेली यू आकाराची नळी उपयोगाची नाही. एक मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे 10 पास्कल, डोळ्याला फरक कळणार नाही. दरवाजाही बंद ठेवूनच मोजायचं, नाहीतर दारात अडकवलेला मोजणाऱ्याचा पायच दोष दुरुस्त करतो.

हेडरमध्ये अधिक 2, खोलीत उणे 20. बंद बॉयलरवर मागून 22 पास्कलचा रेटा.

नैसर्गिक मार्गानं येणारी हवा आणि यंत्रानं ओढली जाणारी हवा ही जोडी प्लांट रूममध्ये चालतच नाही. पंखा लावायचाच तर तो हवा आत ढकलणारा हवा, आणि हवा थांबली तर गॅस बंद करणारा इंटरलॉक हवा.

चौथी चूक: नॉन-रिटर्न फ्लॅप आहे म्हणून निर्धास्त राहणं

प्रत्येक बॉयलरच्या धूर सोडणाऱ्या तोंडाला धूर मागे येऊ न देणारा फ्लॅप होता, तो बंद झाला असता तर 22 पास्कल झाले तरी काही बिघडलं नसतं. तीन नंबरचा उघडून पाहिला तर बैठकीच्या कडेला नखाएवढा सिलिकॉन सीलंटचा तुकडा चिकटलेला. फ्लूच्या सांध्यात गॅस्केट असते, तिथे ट्यूबमधला सीलंट लावायचा नसतो. कुणीतरी जास्तीची खबरदारी म्हणून लावला, उरलेला आत ओघळला. तुकडा काढला, फ्लॅप हातानं सोडला, टप्प असा आवाज आला. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तसाच. सर्व्हिसच्या यादीत फ्लॅप हातानं उघडझाप करून बघणं असायलाच हवं.

फ्लॅपइतकीच दुर्लक्षित गोष्ट म्हणजे सायफन. बराच काळ बंद राहिलेल्या बॉयलरचा सायफन मुंबईच्या उकाड्यात सुकतो, आणि मग धूर त्या वाटेनंही खोलीत येतो. चालू करण्याआधी पाणी भरा. फ्लूच्या आडव्या भागाला बॉयलरकडे मीटरला 5 सेंटीमीटर उतार द्या.

पाचवी चूक: गॅस व्हॉल्व्ह फिरवून आकडा सुधारणं

ही मला सगळ्यात धोकादायक वाटते. तीन नंबरमधून बाहेर आलेला धूर शेजारचा दोन नंबर ओढून घेत होता. त्याच्या फ्लूमध्ये कार्बन डायऑक्साइड 9.2 टक्के असायला हवा, तो 9.6 दिसायचा. सर्व्हिसच्या माणसानं मिश्रणात गॅस जास्त झालाय असं समजून व्हॉल्व्हचा स्क्रू फिरवला आणि 9.2 वर आणला. मिश्रण मुळात बरोबर होतं, हवाच वापरलेली होती. म्हणून स्क्रूला हात लावण्याआधी हवेच्या तोंडाशी ऑक्सिजन बघा. 20.9 नसेल तर स्क्रू तसाच सोडा आणि धूर कुठून येतोय ते शोधा.

खोलीतला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म या सगळ्यात एकदाही वाजला नव्हता. ज्वाला स्वच्छ होती, म्हणून त्या धुरात मोनॉक्साइड फारच कमी. खोलीतला कार्बन डायऑक्साइड मात्र 2,400 पीपीएम होता, आणि त्याचा मीटर तिथे कुणी लावलेलाच नव्हता.

दुरुस्ती

नवं काम असतं तर राइझर 350 चा घेतला असता. घर्षण निम्म्याहून खाली येतं, तीन बॉयलरांना 10 पास्कल, आणि मुंबईचा 20 चा ओढाही हेडरला उणे ठेवायला पुरतो. चालू हॉटेलात शाफ्ट फोडायला व्यवस्थापन तयार नव्हतं, त्यामुळे खोलीकडून उपाय केला. एक्झॉस्ट फॅन काढला. ताशी 1,800 घनमीटर हवा आत ढकलणारा पंखा बसवला, एअरफ्लो स्विच गॅसच्या मुख्य सोलेनॉइड व्हॉल्व्हला जोडला, आणि भिंतीच्या वरच्या भागात जादा हवा जायला नवा लूव्हर कापला. डासांची जाळी काढून पंख्याच्या तोंडाला धुता येणारा फिल्टर दिला.

पंख्याची हवा कुठून घ्यायची यावर थोडी हुज्जत झाली. सर्वात सोयीची भिंत लाँड्रीच्या ब्लीचच्या पिंपांशेजारची होती. हायपोक्लोराइटची वाफ ज्वालेतून गेली की कंडेन्सेटमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं, आणि त्यापुढे स्टेनलेस हीट एक्स्चेंजरही टिकत नाही. डक्ट चार मीटर लांबवून रस्त्याच्या बाजूनं हवा घेतली.

आता तीन चालू असताना खोली अधिक 3, हेडर अधिक 2. एकेक बॉयलर बंद ठेवून चौघांच्या तोंडाशी ऑक्सिजन तपासला, सगळीकडे 20.9. दोन नंबरचा कार्बन डायऑक्साइड मात्र अपेक्षेप्रमाणे 8.8 वर घसरला होता, पेटताना तो घरघरायलाही लागला. त्याचा स्क्रू उलटा फिरवून पुन्हा 9.2 वर आणला, कमी आणि पूर्ण अशा दोन्ही भारांवर, आणि तारीख टाकून रजिस्टरमध्ये लिहिला.