दहापैकी सहा पडले, पण कोणते सहा? मास्टरी लर्निंगमध्ये या चुका टाळा

बेंजामिन ब्लूम यांनी १९६८ मध्ये मांडलेली मास्टरी लर्निंगची पद्धत सांगायला सोपी आहे. एक छोटा घटक शिकवायचा आणि लगेच चाचणी घ्यायची. ज्यांना जमलं नाही त्यांना पुन्हा शिकवायचं, ज्यांना जमलं त्यांना पुढचं पूरक काम द्यायचं. मग मागे राहिलेल्यांची दुसरी चाचणी घ्यायची आणि सगळ्यांनी मिळून पुढच्या घटकाकडे जायचं. ती फसते ती बहुतेक वेळा पहिली आणि दुसरी चाचणी यांच्यामधल्या दोन-तीन तासिकांत.

माझी स्वतःची सर्वांत महागात पडलेली चूक म्हणजे नुसते एकूण गुण पाहणं. अपूर्णांकांच्या बेरजेची चाचणी घ्या. प्रश्न दहा: तीन सममूल्य अपूर्णांकांचे, तीन समच्छेद बेरजेचे आणि चार भिन्नच्छेद बेरजेचे. उत्तीर्णतेची रेघ ८० टक्क्यांवर, म्हणजे आठ गुणांवर. दोन मुलांना सहा-सहा गुण पडले आणि दोघांचेही शेवटचे चारही प्रश्न चुकले. कागदावर दोघं सारखीच दिसतात. आता त्यांच्या वह्या उघडा. १/२ + १/३ चं उत्तर एकाने २/५ लिहिलंय, दुसऱ्याने २/६.

पहिल्याने अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला. अपूर्णांक ही एकच संख्या आहे हे त्याच्या मनात बसलेलंच नाही. दुसऱ्याला छेद सारखे करायचे हे ठाऊक आहे, पण छेद सहा झाला तरी अंश त्याने तसाच ठेवला. गंमत म्हणजे १/२ = ?/६ हा सुटा प्रश्न त्याने बरोबर सोडवलाय. तेच ज्ञान बेरजेत वापरायचं असतं, हे त्याला कुणी दाखवलेलं नाही. या दोघांना एकाच गटात बसवून लसावि पुन्हा शिकवला, तर दोघांचाही वेळ वाया जाईल.

आठ गुणांचं मूलही तपासा. शेवटच्या चारपैकी १/२ + १/४ सारखी, एक छेद दुसऱ्याच्या पटीत असलेली दोन गणितं त्याला आली आणि १/२ + १/३ सारखी दोन चुकली. रेघ ओलांडली, पण घटकाचा गाभा सुटला. म्हणून मी दोन अटी ठेवते: एकूण आठ आणि शेवटच्या चारपैकी किमान तीन.

दुसरी चूक पुन्हा शिकवतानाची. तेच उदाहरण, तीच रीत, फक्त आवाज थोडा मोठा आणि वेग कमी. जी रीत एकदा पोचली नाही, ती दुसऱ्यांदाही सहसा पोचत नाही. वाट बदला. २/५ लिहिणाऱ्याला सारख्या लांबीच्या दोन कागदी पट्ट्या द्या. एकीचे दोन भाग, दुसरीचे पाच. अर्धा भाग आणि दोन पंचमांश शेजारी ठेवायला सांगा आणि विचारा, "अर्ध्यात भर घातली, मग उत्तर अर्ध्याहून कमी कसं?" मूल इथे थबकतं. त्याला उत्तर सांगायची घाई करू नका. २/६ वाल्याला पट्ट्यांची गरज नाही. बेरजेच्या खाली १/२ = ३/६ आणि १/३ = २/६ या दोन ओळी लिहिल्याशिवाय पुढे जायचं नाही, एवढाच नियम आठ-दहा गणितांत पाळायला लावा.

दुसरी चाचणी म्हणून पहिलीच परत देऊ नका, उत्तरं पाठ झालेली असतात. कौशल्य तेच, आकडे नवे: २/५ + १/४, ३/४ + १/६. काठिण्य मात्र वाढवायचं नाही, नाहीतर पुन्हा शिकवण्याचा उपयोग झाला की नाही हे कळणारच नाही.

आता जी मुलं पहिल्या चाचणीतच पार झाली ती. त्यांना आणखी वीस बेरजा देणं म्हणजे लवकर शिकल्याची शिक्षा, आणि सतत मागच्या मुलांना शिकवायला बसवणंही योग्य नाही. त्याच विषयात खोल नेणारं काम हवं. मला आवडणारं एक: प्राचीन इजिप्तचे लेखनिक बहुतेक अपूर्णांक अंश एक असलेल्या, वेगवेगळ्या अपूर्णांकांच्या बेरजेत लिहीत. ५/६ म्हणजे १/२ + १/३, हे मुलांना चटकन सापडतं. मग २/५ द्या. १/५ + १/५ चालणार नाही, कारण दोन्ही सारखे. १/३ + १/१५ पर्यंत पोचायला चांगली झटापट होते आणि भिन्नच्छेद बेरजेचा सराव आपोआप होतो. यावर गुण देऊ नका.

दुसऱ्या चाचणीनंतरही दोन-तीन मुलं उरतील. त्यांच्यासाठी सगळा वर्ग थांबवू नका, पुढचा घटक सुरू करा. वजाबाकीलाही समच्छेद करावाच लागतो. तिथल्या पहिल्या तासिकेत याच मुलांजवळ उभ्या राहा आणि त्या दोन ओळी वहीत येतायत का, ते पाहा.