दोन्ही मालांत सरस, तरी बेरजेत मागे: पाळ्यांची तुलना करताना या चुका टाळा

सोलापुरात अक्कलकोट रोडवरच्या एका कारखान्याचा हिशेब मी काही काळ पाहत होतो. टॉवेल आणि जेकार्ड चादरी असा दुहेरी माल. दिवाळीआधी मालकांनी रजिस्टर पुढे सरकवलं. दिवसपाळीचे १३ टक्के नग सेकंडमध्ये, म्हणजे सदोष मालात गेले होते, रात्रपाळीचे ९.२. दिवसपाळी सांभाळणाऱ्या जॉबरचा बोनस कापायचं जवळजवळ ठरलंच होतं. मी म्हटलं, "मालक, एक दिवस थांबा. टॉवेल आणि चादर वेगळी करून बघतो."

आकडे समजायला सोपे जावेत म्हणून इथे गोल केले आहेत.

| माल | दिवसपाळी: सेकंड / एकूण नग | रात्रपाळी: सेकंड / एकूण नग |
|---|---|---|
| टॉवेल | १० / २०० (५%) | ५६ / ८०० (७%) |
| चादर | १२० / ८०० (१५%) | ३६ / २०० (१८%) |
| एकूण | १३० / १००० (१३%) | ९२ / १००० (९.२%) |

टॉवेलमध्ये दिवसपाळी सरस, चादरीतही सरस आणि बेरजेत मात्र मागे. बेरीज चुकलेली नाही, हवं तर कॅल्क्युलेटरवर करून पाहा. यालाच सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड सिम्पसन यांनी १९५१ मध्ये यावर लिहिलं, पण उडनी यूल यांनी ही गोष्ट १९०३ मध्येच दाखवली होती.

पहिली चूक: एकूण टक्केवारीलाच कामाचा दर्जा समजणं. दिवसपाळीचे १३ टक्के हे ५ आणि १५ यांच्या मधलेच आहेत, फक्त १५ कडे ओढले गेलेत. कारण हजारात आठशे चादरी. रात्रपाळीचे ९.२ टक्के ७ कडे ओढले गेले, कारण आठशे टॉवेल. चादरीवर नक्षी असते, रंग जास्त असतात, त्यामुळे दोष निघण्याची शक्यता मुळातच जास्त. म्हणूनच मालक चादरी दिवसपाळीला देत होते, कारण त्यांचं स्वतःचं लक्ष दिवसा असायचं. अवघड काम ज्याच्या हाती दिलं, त्याच्याच नावावर जास्त सेकंड चढले. मला हे फार लागलं.

हा उलटफेर होण्यासाठी दोन गोष्टी एकत्र याव्या लागतात. दोन्ही पाळ्यांकडे मालाचं प्रमाण वेगळं असायला हवं आणि त्या मालांमध्ये दोषाचं प्रमाणही मुळात वेगळं असायला हवं. म्हणून टक्केवारीआधी नगांची संख्या बघा. २००–८०० विरुद्ध ८००–२०० असं दिसलं, की एकूण आकड्यावरून निर्णय घेऊ नका.

तुलना करायचीच असेल, तर दोघांना सारखाच माल दिला असं धरून हिशेब करा. कारखान्यात एकूण १००० टॉवेल आणि १००० चादरी निघाल्या, म्हणजे निम्मे-निम्मे. त्या प्रमाणात दिवसपाळीचे १० टक्के येतात, रात्रपाळीचे १२.५.

दुसरी चूक: लगेच उलटा निकाल देणं. तक्ता पाहताच मालक म्हणाले, "म्हणजे रात्रपाळीवालेच ढिले!" तेही घाईचं होतं. दिवसपाळीचे आणखी फक्त चार टॉवेल सेकंडमध्ये गेले असते, तर १४ / २०० म्हणजे तिथेही ७ टक्केच झाले असते. रात्रपाळीच्या सहा चादरी कमी बिघडल्या असत्या, तर तिथेही १५ टक्के. महिन्याभरात इतका फरक नुसत्या योगायोगानेही पडतो. या तक्त्यावरून दिवसपाळी वाईट ठरत नाही, एवढंच ठामपणे म्हणता येतं. रात्रपाळी वाईट आहे म्हणायला आणखी काही महिन्यांचे नग लागतील.

तिसरी चूक, आणि माझ्या मते सर्वांत फसवी: दिसेल त्या गोष्टीने गट पाडणं. मालकांच्या मुलाने एक्सेलमध्ये नवीन फोड केली: सूत जास्त तुटलेले माग आणि कमी तुटलेले माग. आता सोलापूरचा उन्हाळा धरा. दुपारी शेडमधली हवा कोरडी पडते, सुती धागा ठिसूळ होतो, तुटतो आणि कापडात दोष येतो. म्हणजे सूत तुटणं हा दुपारच्या उन्हाचा परिणाम आहे. त्यावरच गट पाडले, तर पाळीच्या वेळेमुळे होणारं नुकसान हिशेबातून पुसलं जातं आणि शेडमध्ये ओलावा वाढवायची गरजच दिसत नाही. मालाचा प्रकार मात्र पाळी सुरू होण्याआधीच ठरलेला असतो, म्हणून त्यावर गट पाडणं योग्य.

फोड करण्याआधी एवढंच विचारा: ही गोष्ट काम सुरू होण्याआधी ठरली होती, की कामाच्या ओघात घडली? आधी ठरलेली असेल आणि तिचा दोषावर परिणाम होत असेल, तर फोड करा. ओघात घडलेली असेल, तर ते कारणाच्या साखळीतलं मधलं कडं असू शकतं. त्यावर गट पाडू नका. हे उत्तर तक्त्यात सापडत नाही, मागावर उभ्या असलेल्या माणसालाच विचारावं लागतं.

जॉबरचा बोनस पूर्ण मिळाला. रजिस्टरमध्ये पाळीच्या शेजारी 'माल' असा एक रकाना वाढला आणि पुढच्या महिन्यापासून चादरी दोन्ही पाळ्यांत वाटून दिल्या.