कोयनेच्या यादीत किल्लारी: वेगवेगळ्या मापांचे गुण एकत्र करताना

फेडरेटेड सर्चच्या कामावर मी रुजू झालो तेव्हा काम सोपं वाटलं होतं. एकाच संस्थेची तीन शोधयंत्रं होती आणि तिघांचे निकाल एका यादीत दाखवायचे होते. ग्रंथालयाचा कॅटलॉग सोलर या शोधप्रणालीवर होता, सुमारे दोन लाख नोंदींचा. प्रबंधांचं भांडार पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये होतं, सहा हजारांचं. तिसरा स्रोत म्हणजे १९९० पासूनची वृत्तपत्रांची कात्रणं. त्यांचा शोध एम्बेडिंगवर, म्हणजे अर्थाच्या जवळिकीवर चालायचा. तिघंही प्रत्येक निकालासोबत एक गुण देत. मी गुण उतरत्या क्रमाने लावले आणि डेमोला बसलो.

ग्रंथपाल मॅडमनी ‘कोयना भूकंप’ टाकलं. पहिले दहाही निकाल कॅटलॉगचे आले. प्रबंध एकही नाही, कात्रण एकही नाही. कारण उघड होतं. कॅटलॉगचा पहिला गुण १८.६ होता, कात्रणांचा ०.८४ आणि प्रबंधांचा ०.२४. मी किलोमीटर, टक्के आणि रुपये एकाच रांगेत उभे केले होते.

नव्याने या कामात येणाऱ्याने आधी हे आकडे येतात कुठून ते पाहावं. सोलर गुण काढायला बीएम२५ हे सूत्र वापरतं. त्याला वरची ठरावीक मर्यादा नाही आणि शब्द जितका दुर्मीळ तितका गुण वाढतो. ही दुर्मिळता त्या-त्या संग्रहातली असते. दोन लाख नोंदींपैकी चाळीसमध्ये येणाऱ्या शब्दाचं वजन साधारण ८.५ भरतं, तर सहा हजारांपैकी चाळीसमध्ये येणाऱ्याचं ५.०. म्हणजे दोन्हीकडे सोलर असतं तरी गुण जुळले नसतेच. पोस्टग्रेसचं `ts_rank` तर दुर्मिळता पाहतच नाही. शब्द किती वेळा आणि एकमेकांपासून किती अंतरावर आले एवढंच ते मोजतं, म्हणून ०.०६, ०.०९९ असले बारीक आकडे देतं. एम्बेडिंगचा गुण हा दोन दिशांमधल्या कोनाचा कोसाइन. कागदावर तो उणे एक ते एक असतो, पण आमच्या मॉडेलकडून जवळजवळ सगळं ०.७५ ते ०.९० मध्येच दाटीने बसायचं.

मग मी तेच केलं जे सगळे करतात. प्रत्येक स्रोताच्या यादीतला सर्वांत मोठा गुण १, सर्वांत लहान ०, बाकीचे त्या प्रमाणात. हे मिन-मॅक्स. तोच शोध पुन्हा चालवला.

कॅटलॉगच्या दहा निकालांत गुण १८.६, १७.९, ११.२ असे उतरत ७.६ पर्यंत जात होते. पहिली दोन पुस्तकं खरोखर कोयनेच्या १९६७ च्या भूकंपावरची, पुढची भूकंपशास्त्राची सर्वसाधारण. मिन-मॅक्सनंतर ते १, ०.९४, ०.३३ झाले. इथवर ठीक. प्रबंध तीनच मिळाले आणि तिन्ही कोयनेवरचेच: ०.२४१, ०.०९९, ०.०९९. त्यांचे झाले १, ० आणि ०. दोन उत्तम प्रबंधांना शून्य मिळालं, ते केवळ तीन जणांच्या यादीत शेवटी होते म्हणून. आणि कात्रणं? त्या संग्रहात कोयनेवर एकही कात्रण नव्हतं. पण एम्बेडिंगचा शोध ‘काही सापडलं नाही’ असं स्वतःहून कधी म्हणत नाही. तुम्ही दहा मागा, तो जवळचे दहा देतो, मग जवळचे कितीही लांब असोत. त्याने १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाची कात्रणं दिली, ०.८४ पासून ०.८० पर्यंत. मिन-मॅक्सने पहिल्याला पूर्ण १ आणि दुसऱ्या-तिसऱ्याला ०.७५ दिले.

मॅडम यादीकडे बघत म्हणाल्या, “अहो, किल्लारी इथं काय करतीये? आणि आमच्याकडचे ते दोन प्रबंध गेले कुठं?” ते तळाला होते, किल्लारीच्या खाली.

याचं कारण लक्षात ठेवण्याजोगं आहे. मिन-मॅक्स प्रत्येक यादीतल्या पहिल्याला पूर्ण गुण देतो, त्या स्रोताकडे सांगण्यासारखं काही असो वा नसो. आणखी एक खोड अशी की तुम्ही दहाऐवजी वीस निकाल मागवले तर तळाचा आकडा बदलतो आणि आधीच्या दहांचेही गुण हलतात. वापरणाऱ्याने दुसरं पान उघडून मागे यावं तर पहिल्या पानाचा क्रम वेगळाच.

तेव्हा टीममधल्या एकाने सुचवलं की गुण टाकूनच दे, फक्त क्रमांक घे. ही रेसिप्रोकल रँक फ्यूजन, आरआरएफ. २००९ मध्ये कॉरमॅक, क्लार्क आणि ब्यूटशर यांनी मांडलेली. कोड एवढाच:

```python
from collections import defaultdict

K = 60
fused = defaultdict(float)
for results in source_lists:
    for rank, doc in enumerate(results, start=1):
        fused[doc.id] += 1 / (K + rank)
```

हिचं सौंदर्य असं की गुणांची मापं कोणतीही असोत, हिला फरक पडत नाही. पहिल्या क्रमांकाला १/६१, म्हणजे ०.०१६४. पाचव्या क्रमांकाला १/६५, म्हणजे ०.०१५४. पण तोच दस्तऐवज दोन याद्यांत पाचवा असेल तर बेरीज ०.०३०८ होते आणि तो एकाच यादीतल्या पहिल्याला सहज मागे टाकतो. दोघा-तिघांनी एकाच गोष्टीची शिफारस केली की ती वर जाते, यातच हिची ताकद आहे.

आणि आमची अडचणही नेमकी तिथेच होती. आमच्या तीन संग्रहांत सामाईक काहीच नव्हतं. कॅटलॉगमधलं पुस्तक कात्रणांत येणार नाही, प्रबंध कॅटलॉगमध्ये नाही. बेरजेला दुसरा आकडा कधी मिळायचाच नाही. म्हणजे उरतं काय, तर प्रत्येकाचा पहिला, मग प्रत्येकाचा दुसरा, मग तिसरा. पंगतीत पाळीपाळीने वाढावं तसं. प्रबंध वर आले, हे खरं. पण दर तिसरा निकाल किल्लारीचा झाला.

हा घोळ मी इतरांच्या कामातही पुष्कळदा पाहिला आहे. आरआरएफ मुळात एकाच संग्रहावर चालणाऱ्या अनेक क्रमवाऱ्या एकत्र करण्यासाठी आहे. एकाच संग्रहावर बीएम२५ आणि एम्बेडिंग दोन्ही चालवत असाल तर ती चोख काम करते. संग्रहच वेगवेगळे असतील तर ती नुसती पाळी लावते. आता उमेदवारांच्या मुलाखती घेताना कुणी आरआरएफ म्हणालं की मी एवढंच विचारतो: स्रोतांमध्ये सामाईक दस्तऐवज किती आहेत?

यातून बाहेर पडायची वाट अशी सापडली की स्रोतांचे गुण एकमेकांत बदलत बसू नये. त्यांच्याकडून फक्त उमेदवार घ्यावेत आणि सगळ्यांना एकाच मापाने पुन्हा मोजावं. आम्ही प्रत्येकाचे पहिले वीस निकाल घेतले, त्यांचं शीर्षक आणि सारांश आणला आणि बीएम२५ स्वतः चालवला. इथे एक खड्डा आहे. शब्दांची दुर्मिळता या साठ उमेदवारांवरूनच काढली तर फसगत होते, कारण ते निवडूनच आले आहेत त्या शब्दांसाठी. साठही नोंदींत ‘भूकंप’ असेल तर त्याचं वजन ०.००८ उरतं, जणू तो शब्द शोधात नव्हताच. म्हणून पार्श्वभूमीला वेगळा नमुना लागतो. आम्ही प्रत्येक स्रोतातून यादृच्छिक तीनशे नोंदी घेऊन नऊशेंचा एक छोटा संग्रह कायमचा ठेवला आणि दुर्मिळता त्यावरून मोजली:

```
idf = ln(1 + (N - n + 0.5) / (n + 0.5))
```

N म्हणजे एकूण नोंदी, n म्हणजे तो शब्द असलेल्या नोंदी. नऊशेंपैकी तीन नोंदींत ‘कोयना’ होतं, वजन ५.५५. बारांत ‘भूकंप’, वजन ४.२८. सोलर ज्यावर उभं आहे त्या ल्युसीनच्या आजच्या सूत्रात एका शब्दाचा गुण त्याच्या वजनापलीकडे जात नाही. त्यामुळे ज्या कात्रणात ‘कोयना’ नाही त्याला ४.२८ च्या वर जाताच येत नव्हतं, तर दोन्ही शब्द असलेल्या नोंदीची मर्यादा ९.८३ होती. दोन पुस्तकं आणि तीन प्रबंध वर आले, किल्लारी खाली गेली. स्रोत तुमच्या ताब्यात नसेल तर त्याला वेगवेगळे शब्द विचारत नमुना गोळा करता येतो. कॅलन आणि कॉनेल यांनी २००१ मध्ये हेच दाखवलं होतं आणि सुमारे तीनशे दस्तऐवज पुरतात असा त्यांचाही अनुभव होता.

एक बारीक गोष्ट मात्र आम्हाला उशिरा कळली. कॅटलॉगची नोंद आठ-दहा शब्दांची, प्रबंधाचा सारांश तीनशे शब्दांचा. नोंदीच्या लांबीला किती महत्त्व द्यायचं ते ठरवणारा बीएम२५ मधला `b` नेहमीच्या ०.७५ वर ठेवला की आखूड नोंदींना अवाजवी फायदा होतो आणि पुस्तकंच पुढे येत राहतात. आम्ही तो ०.३ वर आणला. हा आकडा कुठल्या शास्त्रातून आलेला नाही. पन्नास शोधांचे निकाल मॅडमसोबत बसून तपासले आणि तिथे थांबलो.

कात्रणांसाठी एक किमान गुणही ठेवावा लागला. तो काढायची युक्ती गमतीची आहे. ‘झफळक्ष’ असा निरर्थक शब्द टाका. कॅटलॉग आणि प्रबंध शून्य निकाल देतात, एम्बेडिंग तरीही दहा देतो. आमच्याकडे ते ०.७७ च्या आसपास होते. तो झाला त्या स्रोताचा रिकामा आवाज. त्याच्या जवळपासचं काहीही यादीत घेऊ नये. नवीन स्रोत जोडताना मी सर्वांत आधी हाच शब्द टाकतो. किल्लारी मात्र या चाळणीतून पडत नाही, कारण ०.८४ हा खरोखर जवळचा अर्थ आहे, फक्त भूकंप दुसरा आहे.

पण बीएम२५ च्या कच्च्या गुणावर अशी मर्यादा लावू नका. मी लावली होती. कॅटलॉगचं दहाच्या खालचं काही घेऊ नये, असं कोडमध्ये लिहून ठेवलं. काही महिन्यांनी सोलर सातवरून आठवर गेलं, कॉन्फिगमधली `luceneMatchVersion` बदलली आणि कॅटलॉगचे निकाल बहुतेक शोधांतून गायब झाले. ल्युसीन ८ मध्ये बीएम२५ च्या सूत्राच्या अंशातला (k1 + 1) हा गुणक काढून टाकला आहे. k1 हा १.२ असतो, म्हणजे प्रत्येक गुण २.२ ने भागला गेला. १८.६ चा ८.४५ झाला. क्रम जसाच्या तसा होता, म्हणून कॅटलॉगच्या स्वतःच्या पानावर कुणाला काही जाणवलं नाही. मला कळलं ते लॉगमुळे. प्रत्येक निकालासोबत स्रोत, त्या स्रोतातला क्रमांक आणि कच्चा गुण मी नोंदवत होतो. त्यात एका सोमवारपासून कॅटलॉगचा पहिला गुण सगळ्याच शोधांत निम्म्याहून खाली आलेला दिसला.

एक दुखणं मात्र या पद्धतीने उलट वाढवलं. आमचे निम्म्याहून अधिक प्रबंध इंग्रजीत आहेत. मराठीत विचारलं की शब्द जुळवणारं कुठलंही माप त्यांना शून्य देतं. अर्थावर चालणारा शोध त्यांना पकडू शकला असता, पण तो फक्त कात्रणांवर आहे. सध्या मॅडमचा विभाग प्रबंधांना मराठी विषयशीर्षकं जोडतोय, रोज तीसेक. भूशास्त्र संपलंय, आता शेतीची पाळी आहे.